तीस सेकंदांत स्वतःची ओळख: ७४ शब्दांचे ४८ कसे करायचे

प्रश्न: मी बी.कॉम. आहे. सांगलीत एका कर सल्लागारांकडे पाच वर्षं होते. मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या साठेक व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न मीच भरायचे. मुलाच्या जन्मानंतर तीन वर्षं घरी होते, आता पुण्यात राहतो. लिंक्डइनवर ३० सेकंदांचा ओळखीचा व्हिडिओ टाकायचाय, पण दर वेळी ४२ सेकंद होतात आणि पाठांतर म्हटल्यासारखं वाटतं. मराठीत बोलू की इंग्रजीत? सध्या बोलते ते असं: "नमस्कार, माझं नाव अमुक. मी मूळची सांगलीची असून माझं शिक्षण बी.कॉम. झालेलं आहे. मला अकाउंटिंग क्षेत्रातला पाच वर्षांचा अनुभव आहे. मला टॅली, एक्सेल, जीएसटी, टीडीएस, पेरोल, बँक रिकन्सिलिएशन यांचं ज्ञान आहे. मी मेहनती, प्रामाणिक आणि टीमसोबत काम करणारी आहे. वैयक्तिक कारणांमुळे मी काही काळ ब्रेक घेतला होता, पण आता मी पुन्हा नव्या उमेदीनं काम करायला तयार आहे. मला माझ्या कौशल्यांना वाव मिळेल अशा संस्थेत काम करायला आवडेल. संधी दिल्यास मी तिचं सोनं करीन. धन्यवाद."

उत्तर:

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात दमदार वाक्य तुमच्या व्हिडिओत नाही. मार्केट यार्डातल्या साठ व्यापाऱ्यांचे रिटर्न मीच भरायचे, हे तुम्ही मला सांगितलंत, पण कॅमेऱ्यासमोर मात्र "अकाउंटिंग क्षेत्रातला पाच वर्षांचा अनुभव आहे" असं म्हणालात. पहिलं वाक्य फक्त तुम्हीच बोलू शकता. दुसरं वाक्य पुण्यात आज नोकरी शोधणारा कुणीही अकाउंटंट बोलू शकतो. मी बरीच वर्षं पुण्यात भरतीच्या कामात आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या मजकुरात हेच झालेलं बघतो. माणूस गप्पा मारताना नेमकं बोलतो आणि "रेकॉर्डिंग सुरू" म्हटलं की अर्जाच्या भाषेत शिरतो.

आधी हिशेब करू. तुम्ही दिलेला मजकूर मी मोजला, ७४ शब्द भरले. त्याला तुम्हाला ४२ सेकंद लागतात. म्हणजे एका शब्दाला साधारण ०.५७ सेकंद. हा तुमचा स्वतःचा वेग आहे आणि तो चांगला आहे, स्पष्ट ऐकू येईल असा. तो वाढवू नका. ३० सेकंदांत बसवायचं म्हणून लोक भरभर बोलायला लागतात, मग शब्दांचे शेवट गिळले जातात आणि चेहरा ताणला जातो. वेग तोच ठेवायचा आणि शब्द कमी करायचे. सुरुवातीला अर्धा सेकंद नुसतं बघायला, शेवटी एक सेकंद थांबायला आणि मधे एखाद्या श्वासाला असे अडीच सेकंद बाजूला ठेवले, तर बोलायला साडेसत्तावीस सेकंद उरतात. त्याला ०.५७ नं भागलं की ४८ शब्द येतात. एवढंच तुमचं बजेट. दुसऱ्या कुणाचा आकडा वेगळा येईल, कारण प्रत्येकाची बोलण्याची गती वेगळी असते. म्हणून "३० सेकंदांत इतके शब्द" असा कुणाचा तयार नियम न वापरता स्वतःचं रेकॉर्डिंग मोजावं. मनात वाचून मोजू नका, मनात आपण फार जोरात पळतो.

आता ७४ मधून २६ शब्द जायला हवेत. कुठले जातील ते बघू.

"माझं नाव अमुक" ऐवजी "मी अमुक". "मूळची सांगलीची" या रूपात नको, कारण पुण्यातल्या माणसाला त्यातून एवढंच कळतं की ही बाहेरगावची आहे, इकडे येईल की नाही कोण जाणे. सांगली तुमच्या कामासोबत आली पाहिजे. "बी.कॉम." प्रोफाइलवर लिहिलेलं आहेच, ते बोलायला तीन सेकंद घालवू नका.

"मेहनती, प्रामाणिक आणि टीमसोबत काम करणारी" हे संपूर्ण वाक्य काढा. त्यात खोटं काहीच नाही, पण ऐकणाऱ्याला ते तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते तो ऐकतच नाही. वाक्य ठेवायचं की काढायचं यासाठी माझी एक साधी कसोटी आहे. ते वाक्य वेगळ्याच धंद्यातल्या माणसाच्या तोंडी घालून बघायचं. "मी मेहनती आणि प्रामाणिक आहे" हे वेल्डरही म्हणेल आणि फार्मासिस्टही. "संधीचं सोनं करीन" हेही तसंच. साठ व्यापाऱ्यांचे रिटर्न मात्र दुसऱ्या कुणाच्या तोंडी बसणार नाहीत.

टॅली, एक्सेल, टीडीएस, पेरोल या यादीचं काय करायचं, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण ती काढताना जीव कासावीस होतो. ती फेकून द्यायची नाही, तिची जागा बदलायची आहे. भरती करणारे लोक लिंक्डइनवर माणसं शोधतात ती लिहिलेल्या शब्दांवरून. ते टॅली, जीएसटी, पुणे असं टाइप करतात. तुमच्या व्हिडिओत तुम्ही तोंडानं काय म्हणालात ते त्या शोधात येत नाही. म्हणून हे सगळे शब्द तुमच्या नावाखालच्या ओळीत, कौशल्यांच्या यादीत आणि जुन्या नोकरीच्या वर्णनात असले पाहिजेत, आणि प्रोफाइलवरचं ठिकाण पुणे असलं पाहिजे. लिहिलेले शब्द तुम्हाला शोधात वर आणतात. व्हिडिओ लागतो त्यानंतर, जेव्हा समोरच्यानं तुमचं प्रोफाइल उघडलेलं आहे आणि तो ठरवतोय की हिला फोन लावायचा की पुढच्या नावाकडे जायचं. त्या एका निर्णयापुरतं व्हिडिओचं काम आहे. तो नोकरी मिळवून देत नाही, फोन मिळवून देतो.

हे डोक्यात ठेवलं की रचना आपोआप ठरते. फोन लावायचा की नाही हे ठरवणाऱ्याला चार गोष्टी हव्या असतात: ही काय काम करते, ते खरंच केलंय असं कशावरून, काही अडचण आहे का, आणि हिला हवंय काय. याच क्रमानं बोला. यातली दुसरी गोष्ट जवळजवळ सगळ्यांची राहून जाते आणि तिथेच व्हिडिओ जिंकतो किंवा पडतो, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

"मला जीएसटीचं ज्ञान आहे" हा दावा झाला. खूण वेगळी असते. ज्यानं ते काम रोज केलंय त्यालाच माहीत असलेली एखादी छोटी कृती म्हणजे खूण. मागे एका मेंटेनन्सच्या मुलाचा व्हिडिओ करून घेत होतो. त्याच्या कागदावर होतं, "मला पीएलसी आणि सेन्सरचं ज्ञान आहे." चहा पिताना त्याला विचारलं, शेवटचं बंद पडलेलं मशीन कुठलं? तर म्हणाला, एक कन्व्हेयर रात्रपाळीतच बंद पडायचा, सगळे प्रोग्राममध्ये चूक शोधत होते, मी सेन्सरची काच पुसली तर चालू झाला, मग पाळी सुरू व्हायच्या आधी काच पुसायचा नियमच लावला. हे त्यानं बारा सेकंदांत सांगितलं. ज्ञान आहे हे वेगळं सांगायची गरजच राहिली नाही.

तुमच्या कामातली अशी कृती कुठली? मी भरतीतला माणूस असलो तरी अकाउंट्सच्या जागा भरताना एवढं शिकलोय की जीएसटीचं काम येतं की नाही हे टूबीवरून कळतं. पुरवठादारांनी आपापल्या रिटर्नमध्ये जी बिलं दाखवली, त्यांचं तुमच्या व्यापाऱ्याच्या नावावर तयार होणारं मासिक विवरण म्हणजे टूबी. १ जानेवारी २०२२ पासून त्यात न उतरलेल्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे त्यावर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. म्हणजे हळदीच्या व्यापाऱ्यानं पोत्यांच्या खरेदीवर कर भरला, पण पोतेवाल्यानं ते बिल दाखवलंच नाही, तर व्यापाऱ्याचं नुकसान. मग कुणीतरी पोतेवाल्याला फोन लावून, पाठपुरावा करून ते बिल चढवून घ्यायचं असतं. तो फोन साठ व्यापाऱ्यांसाठी तुम्ही लावत होतात, असं धरून मी पुढचा मजकूर लिहिलाय. तुमचं काम थोडं वेगळं असेल तर तुमची खरी कृती तिथे घाला, माझी ठेवू नका. मुलाखतीत त्यावरच पहिला प्रश्न येणार आहे.

हे वाक्य निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. तुमचा व्हिडिओ दोन वेगळी माणसं बघणार. आधी एचआरमधली व्यक्ती, तिला टूबी म्हणजे काय हे बहुतेक माहीत नसतं. मग अकाउंट्सचा प्रमुख, त्याला ते तोंडपाठ असतं. "टूबी रिकन्सिलिएशन केलं आहे" म्हटलंत तर पहिल्या व्यक्तीला काहीच कळत नाही. "बिल दिसलं नाही की फोन लावायचे" म्हटलंत तर तिला पाठपुरावा करणारी बाई दिसते, आणि "टूबी" हा एक शब्द ऐकून दुसरा माणूस सावरून बसतो. एकाच वाक्यात दोघांची सोय होते.

आता तीन वर्षांच्या खंडाबद्दल. "वैयक्तिक कारणांमुळे काही काळ" या शब्दांनी तुमचं नुकसान होतंय. प्रोफाइलवर तारखा दिसतातच, आणि मोघम शब्द ऐकले की बघणारा स्वतःच अंदाज बांधायला लागतो. "मुलासाठी तीन वर्षं थांबले" हे चार शब्द पुरेत. आवाज खाली न नेता, आधीच्या वाक्याच्याच सुरात म्हणा. लिंक्डइनवर २०२२ पासून करिअर ब्रेक वेगळा नोंदवायची सोय आहे, तीही भरून ठेवा, म्हणजे व्हिडिओत जास्त बोलावं लागत नाही. "पुन्हा नव्या उमेदीनं" हे काढा. उमेद आहे का, अशी शंका कुणी घेतलेलीच नव्हती, ती तुम्हीच सुचवताय.

मालकाच्या मनातली खरी शंका वेगळी असते. ही बाहेर होती त्या काळात नियम बदलले, ते हिला माहीत आहेत का? जीएसटीत हा प्रश्न फार रास्त आहे. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे आयएमएस, सुरू झाली. पुरवठादारानं चढवलेलं बिल आता तिथे स्वीकारता, नाकारता किंवा प्रलंबित ठेवता येतं आणि त्याचा परिणाम थेट टूबीवर होतो. म्हणजे तुम्ही जे काम हातानं आणि फोनवर करत होतात, त्याचाच एक भाग तिथे गेलाय. तुमच्या जुन्या सरांकडे चार-सहा दिवस बसून ते शिकून घ्या आणि मगच व्हिडिओ करा. "मधे आलेलं आयएमएसही शिकले" या एका वाक्यानं खंडाची बाजू पूर्ण झाकली जाते. पण शिकला नसाल तर हे वाक्य बोलू नका. पहिल्याच फोनवर "आयएमएसमध्ये बिल पेंडिंग ठेवलं तर टूबीत काय दिसतं" असं विचारलं जाईल.

माझा पहिला मजकूर ५७ शब्दांचा झाला होता. त्यात "मध्यम आकाराच्या कंपनीत" होतं, "खरेदीची बिलं दर महिन्याला टूबीशी ताडून बघायची" होतं, "आता पुण्यात राहते" असं स्वतंत्र वाक्यही होतं. ताडून बघणं आणि फोन लावणं या दोन कृती होत्या, त्यातली फोनची ठेवली, कारण ती डोळ्यांसमोर येते आणि ताडून बघितल्याशिवाय फोन लावताच येत नाही. कंपनीचा आकार काढला, कारण त्यानं दारं बंद होतात. आता राहिला तो मजकूर असा:

"नमस्कार, मी (नाव आडनाव). सांगली मार्केट यार्डातल्या साठ व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न मी पाच वर्षं भरले. एखादं बिल टूबीत दिसलं नाही, की पुरवठादाराला फोन लावून ते चढवून घ्यायचे. मुलासाठी तीन वर्षं थांबले. मधे आलेलं आयएमएसही शिकले. आता पुण्यात अकाउंट्स आणि जीएसटीचं काम शोधतेय. तुमच्याकडे असेल तर इथेच मेसेज करा."

नाव आणि आडनाव धरून ४८ शब्द. तुमच्या वेगानं पहिली दोन वाक्यं साडेआठ सेकंदांत होतील, फोनचं वाक्य सातेक सेकंद घेईल, खंड आणि आयएमएस साडेचार, मागणी चार, आणि मेसेजचं वाक्य साडेतीन. सगळ्यात जास्त वेळ केलेल्या कामाला मिळतोय, तसाच मिळायला हवा. तुमच्या मूळ मजकुरात उमेद, वाव आणि सोनं यांनाच १४-१५ सेकंद जात होते, आणि त्यात बघणाऱ्यानं पुढे काय करायचं हे कुठेच नव्हतं. "धन्यवाद" वर व्हिडिओ संपला की माणूस पुढे सरकतो. "इथेच मेसेज करा" वर संपला की निदान बटण कुठे आहे तिकडे नजर जाते. फोन नंबर मात्र बोलू नका आणि पडद्यावर लिहूही नका, नोकरीच्या नावाखाली पैसे मागणारे असेच नंबर गोळा करतात.

एक गोष्ट तुमच्या धंद्यापुरती. कुठल्याही व्यापाऱ्याचं किंवा पेढीचं नाव घेऊ नका, आणि मागे टेबलावर फाइल, बिल किंवा उघडं पोर्टल दिसू देऊ नका. एका उमेदवाराच्या मागच्या पडद्यावर ग्राहकाचा ताळेबंद वाचता येत होता. त्याला नाकारायला तेवढं एक कारण पुरलं. हिशेब सांभाळणाऱ्या माणसाकडून गुप्तता राखली जाते की नाही, हे लोक व्हिडिओतही बघतात.

आता पाठांतराचा प्रश्न. तो तुमच्या आवाजाचा दोष नाही, मजकुराचा आहे. तुमच्या मजकुरात पाच वाक्यं "आहे" वर संपतात. मराठीत "आहे" वर संपणारं वाक्य दर वेळी त्याच जागी खाली उतरतं, आणि पाच वेळा तसंच उतरलं की शाळेत प्रार्थनेनंतर सुविचार वाचल्यासारखं ऐकू येतं. त्यात "असून" आणि "झालेलं आहे" ही लिहिण्याची मराठी आहे. घरी तुम्ही "माझं शिक्षण झालेलं आहे" असं कुणाला म्हणता? वरच्या मजकुरात "भरले", "घ्यायचे", "शिकले", "शोधतेय" अशी क्रियापदं आहेत, प्रत्येक वाक्याची चाल वेगळी पडते. तरीही तो मजकूर माझा आहे, तुमच्या तोंडाचा नाही. म्हणून एक करा. बहिणीला किंवा मैत्रिणीला समोर बसवा, फोनवर आवाज रेकॉर्ड करायला ठेवा, आणि तिला विचारू द्या, "तू सांगलीला नक्की काय करायचीस?" तुम्ही जे बोलाल ते ऐकून जसंच्या तसं उतरवा आणि माझ्या शब्दांच्या जागी ते शब्द घाला. कदाचित "चढवून घ्यायचे" ऐवजी तुम्ही "दाखवायला लावायचे" म्हणत असाल. तेच ठेवा.

नंतर पहिलं आणि शेवटचं वाक्य शब्दशः पाठ करा, मधल्या वाक्यांचे फक्त टप्पे लक्षात ठेवा: साठ, फोन, मुलगा, पुणे. पहिलं पक्कं असलं की सुरुवात अडखळत नाही, शेवटचं पक्कं असलं की "तर... हो... धन्यवाद" असं होत नाही. मधे एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर होऊ द्या, तिथेच माणूस बोलतोय असं वाटतं. कागद फोनच्या बाजूला चिकटवू नका, डोळे डावी-उजवीकडे सरकताना स्पष्ट दिसतात. एका वेळी पाच-सहा टेकच्या वर जाऊ नका. माझा अनुभव असा की तिसरा किंवा चौथा टेक बहुधा सगळ्यात चांगला येतो, त्यानंतर चेहरा थकतो.

भाषेचं असं आहे: पहिला फोन ज्या भाषेत झेपेल त्या भाषेत व्हिडिओ करा. व्हिडिओ म्हणजे समोरच्याला दिलेला शब्दच असतो की मुलाखतीला हीच व्यक्ती आणि हीच भाषा येणार. घोकलेल्या इंग्रजीत छान व्हिडिओ केला आणि फोनवर तिसऱ्या वाक्याला अडकलात, तर मराठीत बोलली असती त्याहून वाईट होतं, कारण आता त्यांना फसवल्यासारखं वाटतं. पुण्यातल्या सीए फर्म, भोसरी-चिंचवडचे कारखानदार, मार्केट यार्डातले मोठे व्यापारी यांच्याकडे जायचं असेल तर मराठी चालते, उलट साठ व्यापाऱ्यांशी फोनवर बोलणारी बाई मराठीतच जास्त खरी वाटते. खराडी-हिंजवडीच्या मोठ्या कंपन्यांच्या अकाउंट्स विभागांत मात्र एचआर बहुतेक वेळा मराठी नसते आणि काम इंग्रजी ईमेलवर चालतं. तिकडे जायचं असेल तर इंग्रजी व्हिडिओ वेगळा करा, पण वरच्या मजकुराचं भाषांतर करू नका. त्याच चार टप्प्यांवर इंग्रजीत आधी तोंडी बोलून बघा, मग उतरवा, आणि वेळ पुन्हा नव्यानं मोजा, कारण परक्या भाषेत आपला वेग पडतो आणि ४८ चा आकडा तिथे लागू होत नाही. अर्धं वाक्य मराठी, अर्धं इंग्रजी असं करू नका. जीएसटी, रिटर्न, अकाउंट्स हे शब्द वेगळे, ते आता मराठीच आहेत.

कोणत्याही भाषेत बोललात तरी खाली अक्षरं हवीतच. फीडमध्ये व्हिडिओ आवाजाशिवाय आपोआप सुरू होतो आणि ऑफिसात बसलेला माणूस आवाज लावेलच असं नाही. आवाज नसताना तुमचे ओठ हलताना दिसतात, बस्स. मराठी व्हिडिओ असेल आणि बघणारा अमराठी असण्याची शक्यता असेल, तर अक्षरं इंग्रजीत द्या. फोनमधल्या एखाद्या एडिटिंग ॲपमध्ये ती व्हिडिओवरच उमटवता येतात. संगणकावरून पोस्ट करत असाल तर लिंक्डइन वेगळी .srt फाइलही घेतं. ती साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येते, फक्त UTF-8 मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरी अक्षरं बिघडतात:

```
1
00:00:00,500 --> 00:00:02,800
नमस्कार, मी (नाव आडनाव).

2
00:00:02,800 --> 00:00:05,700
सांगली मार्केट यार्डातल्या साठ व्यापाऱ्यांचे

3
00:00:05,700 --> 00:00:09,100
जीएसटी रिटर्न मी पाच वर्षं भरले.
```

एका वेळी पाच-सहा शब्दच दिसू द्या, आणि "साठ" सारखा शब्द दोन ओळींत तुटून त्याचा अर्थ हरवणार नाही असं तोडा.

चित्रीकरणाबद्दल थोडक्यात. खिडकी तुमच्या समोर हवी, पाठीमागे नको. फोन उभा, पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून डोळ्यांच्या उंचीला. बघायचं लेन्सकडे, पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे नाही. पंखा बंद करा, वायरवाले इयरफोन असतील तर त्यांचा माइक वापरा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये दुपारी दोन ते चार ही वेळ त्यातल्या त्यात शांत, आणि मूल झोपलेलं असेल तर तुम्हीही निवांत. यापेक्षा जास्त खर्च किंवा धडपड करायची गरज नाही. चित्र थोडं साधं असलं म्हणून कुणाला नाकारलेलं मी पाहिलेलं नाही, आवाज ऐकू आला नाही म्हणून व्हिडिओ बंद केलेला मात्र खूपदा पाहिलाय.

टाकायच्या आधी एक तपासणी. तुमच्या क्षेत्रात नसलेल्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला तो एकदाच दाखवा, फोन परत घ्या आणि विचारा: मी काय काम करायचे? आता मला काय हवंय? "साठ दुकानदारांचं जीएसटी बघायचीस, पुण्यात तसलंच काम हवंय" असं काहीसं उत्तर आलं तर व्हिडिओ तयार आहे. "छान बोललीस गं, साडीही छान दिसतेय" असं आलं तर नाही. मग बहुतेक वेळा दोष पहिल्या नऊ सेकंदांत असतो. "साठ" हा आकडा घाईत निघून गेलेला असतो. त्याच्या आधी अगदी किंचित थांबा आणि पुन्हा करा.

व्हिडिओ पोस्ट म्हणून टाकलात की लगेच प्रोफाइलवरच्या Featured विभागात तो पहिल्या जागी लावा, नाहीतर चार दिवसांत तो फीडमध्ये वाहून जातो आणि प्रोफाइल उघडणाऱ्याला दिसतच नाही. पोस्टवरच्या लेखी मजकुराची पहिली ओळ व्हिडिओतल्या पहिल्या वाक्यासारखीच ठेवा, आणि टॅली, टीडीएस, पेरोल, बँक रिकन्सिलिएशन ही काढलेली यादी त्याच्या खाली द्या.